अब्रुनुकसानीची फौजदारी तक्रार : नोटीस हाती पडल्यानंतरचे दहा महिने

फेब्रुवारी 2025 मध्ये एका दुपारी आमच्या भागातल्या पोलीस ठाण्याचे समन्स बजावणारे हवालदार दारात आले आणि स्थळप्रतीवर माझी सही घेऊन त्यांनी मला न्यायालयाची नोटीस दिली. नोटिशीवर फिर्यादी म्हणून आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या सचिवांचे नाव होते आणि आरोपी म्हणून माझे. एकतीस वर्षे शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या माझ्यासारखीला स्वतःच्या नावापुढे तो शब्द वाचून जे वाटायचे ते वाटले, त्याविषयी लिहीत नाही. त्या दिवसापासून डिसेंबरात प्रकरण निकाली निघेपर्यंत काय काय घडले, कुठे मी चुकले, कुठे योग्य सल्ल्यामुळे वाचले, हे मात्र सविस्तर लिहिते, कारण अशी नोटीस हाती पडलेल्या माणसाला त्या वेळी नेमके हेच कोणी सांगत नाही.

प्रकरणाचे मूळ साधे होते. आमच्या छप्पन्न सदनिकांच्या संस्थेने गच्चीच्या जलरोधकाचे काम एका कंत्राटदाराला दिले आणि दुरुस्ती निधीतून त्याला सहा लाख ऐंशी हजार रुपये चुकते केले. पुढच्या पावसात वरच्या मजल्यावरची सहा घरे पूर्वीसारखीच गळली. लेखापरीक्षकाने आपल्या अहवालात कामाचे मोजमाप पुस्तक आढळले नाही आणि काम पूर्ण होण्याआधी शेवटचा हप्ता दिला गेला, असे दोन आक्षेप नोंदवले होते. मी संस्थेकडे दोन लेखी अर्ज देऊन देयकांच्या प्रती मागितल्या. उत्तर आले नाही, तेव्हा 14 ऑगस्ट 2024 रोजी मी सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे अकरा पानांची तक्रार दिली. इथपर्यंत माझे काहीच चुकले नव्हते. दोन दिवसांनी संस्थेच्या व्हॉट्सॲप गटावर याच विषयावरून वाद पेटला आणि रात्री साडेदहाच्या सुमारास मी लिहिले, “सचिवांनी दुरुस्ती निधी खाल्ला आहे, म्हणूनच ते कागद दाखवत नाहीत.”

पुढचे सगळे प्रकरण त्या ‘खाल्ला’ या शब्दाभोवती फिरले.

सप्टेंबरात सचिवांच्या वकिलांची नोटीस आली होती. पंधरा दिवसांत बिनशर्त माफी मागा, अन्यथा फौजदारी आणि दिवाणी कारवाई करू, असा तिचा आशय होता. अब्रुनुकसानीच्या फौजदारी तक्रारीआधी अशी नोटीस पाठवणे कायद्याने बंधनकारक नाही, आणि तिला उत्तर न दिल्याने गुन्हा कबूल केला असेही होत नाही. तरीही तीच खरी संधी असते. आपले विधान कशाच्या आधारावर होते, ते कोणाला उद्देशून होते आणि त्यातला कोणता भाग आपण मागे घ्यायला तयार आहोत, हे वकिलामार्फत दोन पानांत शांतपणे कळवले असते, तर कदाचित पुढचे टळले असते. मी त्याऐवजी त्या नोटिशीचे छायाचित्र काढून त्याच गटावर टाकले आणि खाली लिहिले, “सत्य बोलल्याचे हे बक्षीस.” तक्रार दाखल झाली तेव्हा या दुसऱ्या संदेशाचाही तिच्यात स्वतंत्र परिच्छेद होता. आरोप पुन्हा लिहिणे म्हणजे तो पुन्हा प्रसिद्ध करणे, एवढी गोष्ट मला तेव्हा ठाऊक असती तर बरे झाले असते.

न्यायालयाची नोटीस आल्यावर मी माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीकडे गेले. ती आता तालुक्याच्या न्यायालयात फौजदारी वकिली करते आणि अजूनही मला ‘बाई’च म्हणते. तिने कागद हातात घेतल्यावर प्रथम तक्रार वाचली नाही, वरचे कलम वाचले. “बाई, हे समन्स नाही. ही कलम 223 ची नोटीस आहे. अजून तुमच्याविरुद्ध खटला सुरू झालेला नाही,” ती म्हणाली.

हा फरक सावकाश समजून घ्यायला हवा, कारण पुढची सगळी पावले त्यावर ठरतात. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत खासगी तक्रार आली की दंडाधिकारी फिर्यादीचा शपथेवर जबाब नोंदवत, त्यात तथ्य दिसले तर आदेशिका म्हणजे आरोपीने हजर राहण्याचा हुकूम काढत, आणि आरोपीला या सगळ्याचा पत्ता समन्स दारात आल्यावरच लागत असे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 223 मध्ये एक परंतुक घातले गेले. आरोपीला म्हणणे मांडण्याची संधी दिल्याशिवाय दंडाधिकाऱ्यांना गुन्ह्याची दखलच घेता येत नाही. म्हणजे समन्सच्या आधी एक पायरी निर्माण झाली, आणि मी त्या पायरीवर उभी होते. या नोटिशीला हजर न राहिल्यास अटक होत नाही, पण न्यायालय तुमचे म्हणणे नाही असे धरून पुढे जाते आणि संधी हातची जाते. समन्सचे तसे नाही. समन्स बजावूनही माणूस हजर झाला नाही, तर आधी जामीनपात्र आणि मग अजामीनपात्र वॉरंट निघू शकते. म्हणून कागद हाती येताच तो कोणत्या कलमाखाली काढला आहे आणि कोणत्या टप्प्यावरचा आहे, हे आधी पाहावे. नोटिशीवर सोळा अक्षरअंकांचा सीएनआर क्रमांक असतो. तो ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर टाकला की पुढची तारीख आणि आधी झालेले आदेश घरबसल्या दिसतात.

त्याच बैठकीत वकीलबाईंनी मला तीन गोष्टींची सक्त मनाई केली. सचिवांना किंवा त्यांच्या घरच्यांना फोन करायचा नाही, गटावर या विषयावर एक अक्षर लिहायचे नाही आणि आधीचा एकही संदेश पुसायचा नाही. शेवटची मनाई मला कळेना. आक्षेपार्ह संदेश काढून टाकणेच चांगले, असे मला वाटत होते. तिने समजावले की त्या संदेशाची प्रत फिर्यादीकडे केव्हाच आहे. माझ्याकडे मात्र त्याच्या आधीचे आणि नंतरचे सगळे संभाषण आहे, त्यात सचिवांनी मला उद्देशून काय लिहिले, मी किती वेळा हिशेब मागितला आणि त्यांनी काय टोलवाटोलवी केली, हे सगळे आहे. एक संदेश तोडून दाखवला तर तो शिवीसारखा दिसतो, सगळे संभाषण वाचले तर तो एका वादाचा शेवट दिसतो. शिवाय प्रकरण न्यायालयात असताना पुरावा पुसला, असा नवा आरोप ओढवून घेण्यात काहीच शहाणपण नव्हते. म्हणून आम्ही गटातले सगळे संभाषण फोनमधून बाहेर काढून जपले आणि तो फोन विकायचा किंवा बदलायचा नाही असे ठरले, कारण इलेक्ट्रॉनिक नोंद पुराव्यात आणायची तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 खालचे प्रमाणपत्र लागते आणि त्यासाठी मूळ उपकरण हाताशी असलेले बरे.

कागदांची जुळवणी करायला मला आठ दिवस लागले. लेखापरीक्षण अहवालाची प्रत, माझ्या दोन अर्जांच्या पोच मिळालेल्या प्रती, उपनिबंधक कार्यालयाच्या आवक शिक्क्याची तक्रार, गळक्या छतांची तारखेसह छायाचित्रे आणि गटाच्या सदस्यांची यादी. ही यादी का हवी, ते मला पुढे कळले.

भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 मध्ये अब्रुनुकसानीची व्याख्या जुन्या दंड संहितेच्या कलम 499 प्रमाणेच आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंतच्या साध्या कैदेची, दंडाची किंवा दोन्हींची आहे, आणि नव्या संहितेने त्यात सामाजिक सेवेचा पर्याय घातला आहे. हा गुन्हा जामीनपात्र आणि अदखलपात्र आहे, म्हणून पोलीस आपणहून उचलून नेतील ही भीती निराधार असते. या कलमाचा आत्मा त्याच्या दहा अपवादांत आहे. माझ्या कामाचे त्यातले तीन होते, आणि त्यांच्यातला भेद कळायला मला बराच वेळ लागला.

सामान्य माणूस म्हणतो, मी खरे बोललो, मग गुन्हा कसला? पहिला अपवाद सत्याचाच आहे, पण त्याला दोन पाय आहेत. विधान खरे असावे लागते आणि ते प्रसिद्ध करणे लोकहिताचे असावे लागते. शिवाय हे दोन्ही सिद्ध करण्याचा भार आरोपीवर असतो. “निधी खाल्ला” हे खरे ठरवायचे तर सचिवांनी पैसे स्वतःसाठी वापरले, हे मला दाखवावे लागले असते, आणि माझ्याकडचे कागद तेवढे बोलत नव्हते. मोजमाप पुस्तक नाही, एवढेच ते बोलत होते. वकीलबाईंनी मला वही घ्यायला लावली, डाव्या बाजूला माझे प्रत्येक वाक्य आणि उजव्या बाजूला त्याला आधार देणारा कागद, असे दोन स्तंभ करायला लावले. अकरा पानांच्या तक्रारीतल्या जवळजवळ प्रत्येक वाक्यासमोर कागद सापडला. गटावरच्या त्या एका ओळीसमोरचा स्तंभ कोरा राहिला. आयुष्यभर मुलांना ‘पायऱ्या दाखवा’ म्हणत आलेल्या मला तो कोरा स्तंभ फार लागला.

आठवा अपवाद वेगळ्या प्रकारचा आहे. ज्याला एखाद्यावर कायदेशीर अधिकार आहे, त्याच्याकडे सद्भावनेने केलेली तक्रार ही अब्रुनुकसानी नव्हे. येथे आरोप अंतिमतः खराच ठरला पाहिजे अशी अट नाही. तो योग्य काळजी आणि लक्षपूर्वक केलेला असावा, एवढे पुरते. या अपवादाचा एक महत्त्वाचा निकाल आपल्याच राज्यातला आहे. अमरावतीच्या कोषागारातील काही कर्मचाऱ्यांनी एका सहकाऱ्याविरुद्ध कोषागार अधिकाऱ्यांकडे तक्रार केली होती की तो दारूच्या नशेत कार्यालयात आला आणि त्याने शिवीगाळ केली. त्या सहकाऱ्याने तक्रारदारांवरच अब्रुनुकसानीचा खटला भरला. विभागीय चौकशीत तो दोषी आढळल्याचे अहवालावरून दिसत होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि 1999 साली राजेंद्रकुमार सीताराम पांडे विरुद्ध उत्तम या निकालात न्यायालयाने ही तक्रार आठव्या अपवादात बसते असे सांगून कर्मचाऱ्यांविरुद्धची कारवाई रद्द केली. माझी उपनिबंधकांकडची तक्रार याच सावलीत येत होती.

गटावरचा संदेश मात्र त्या सावलीबाहेर होता, कारण गट हा कोणी अधिकारी नव्हे. तिथे आधार होता तो नवव्या अपवादाचा. स्वतःच्या, दुसऱ्याच्या किंवा लोकांच्या हितरक्षणासाठी सद्भावनेने केलेले विधान त्यात येते. दुरुस्ती निधी सगळ्या सभासदांचा, म्हणून सभासदांना सांगणे हे हितरक्षण, असा युक्तिवाद होता. यादी इथे कामी आली, आणि अडचणीचीही ठरली. गटात चौऱ्याण्णव जण होते. त्यांतले सात जण घर विकून गेलेले आणि नऊ जण भाडेकरू होते, म्हणजे सोळा जणांचा निधीशी थेट संबंध नव्हता. आपण कोणाला सांगतो आहोत, हे न पाहता बोललेल्या विधानाला नववा अपवाद अर्धवटच झाकतो. हेच विधान संस्थेच्या सर्वसाधारण सभेत, इतिवृत्तात नोंद होईल अशा रीतीने आणि ‘खाल्ला’ऐवजी ‘हिशेब मिळत नाही’ या शब्दांत केले असते, तर माझ्याविरुद्ध बोलायला जागाच उरली नसती.

मार्चमधल्या पहिल्या तारखेला वकीलपत्र दाखल झाले आणि लगेच एक अडचण पुढे आली. मला मिळालेल्या नोटिशीसोबत फक्त तक्रारीची प्रत होती, फिर्यादीचा पडताळणी जबाब झालाच नव्हता. शपथेवर फिर्यादी काय सांगतो, हेच ठाऊक नसताना मी कशावर म्हणणे देणार? कर्नाटक उच्च न्यायालयाने 2024 साली, योगायोगाने अब्रुनुकसानीच्याच एका प्रकरणात, हा क्रम स्पष्ट केला होता. आधी फिर्यादी आणि साक्षीदार असल्यास त्यांचे शपथेवरचे जबाब नोंदवावेत आणि मग त्या कागदांसह आरोपीला नोटीस द्यावी, असे त्या न्यायालयाचे म्हणणे होते. दुसऱ्या राज्याच्या उच्च न्यायालयाचा निकाल आपल्याकडच्या दंडाधिकाऱ्यांवर बंधनकारक नसतो, पण तर्क पटला तर ते स्वीकारू शकतात. आमच्या अर्जावर फिर्यादी पक्षाने हरकत घेतली, तरी न्यायालयाने अर्ज मंजूर केला आणि आधी जबाब नोंदवण्याचे ठरले. सचिवांचा आणि एका समिती सदस्याचा जबाब नोंदवून त्याच्या प्रती माझ्या हाती यायला जून उजाडला.

त्या जबाबांत आमच्या कामाच्या दोन गोष्टी होत्या. मोजमाप पुस्तक ठेवले गेले नव्हते, हे सचिवांनी शपथेवर मान्य केले होते. माझे दोन अर्ज मिळाल्याचेही त्यांनी नाकारले नव्हते. आम्ही चार पानांचे म्हणणे दिले. पहिला मसुदा मी स्वतः लिहिला होता, तो नऊ पानांचा होता आणि त्यात सचिवांच्या कारभाराविषयीचा माझा सगळा संताप होता. वकीलबाईंनी त्यातली पाच पाने काढून टाकली. या टप्प्यावर न्यायालय संपूर्ण बचाव तपासत नाही, तक्रार आणि जबाब जसेच्या तसे धरले तरी गुन्हा घडतो का, एवढेच पाहते. म्हणून फिर्यादीच्याच कागदांतून जे दिसते ते दाखवायचे, नवा आरोप करायचा नाही आणि जे विधान नाकारता येणार नाही ते नाकारायचेही नाही. संदेश मी लिहिला नाही, असे म्हणण्याचा सल्ला मला एका हितचिंतकाने दिला होता. तो ऐकला असता, तर सद्भावनेचा सगळा पाया खचला असता, कारण जो माणूस आपले वाक्यच नाकारतो, तो ते काळजीपूर्वक केले होते असे कसे सांगणार?

जुलैमध्ये आदेश झाला. उपनिबंधकांकडील तक्रारीच्या बाबतीत आठवा अपवाद फिर्यादीच्याच कागदांवरून दिसतो, म्हणून त्या भागाची दखल घेण्यास न्यायालयाने नकार दिला. गटावरच्या दोन संदेशांबाबत मात्र, सद्भावना होती की नव्हती हा पुराव्याचा प्रश्न आहे, असे म्हणून आदेशिका काढली. निम्मे ओझे उतरले, निम्मे राहिले.

आता समन्स आले. या वेळी हजर राहणे अटळ होते. पुकारा झाल्यावर मी उभी राहिले, जामिनाचा अर्ज दिला आणि गुन्हा जामीनपात्र असल्याने पंधरा हजारांच्या वैयक्तिक मुचलक्यावर त्याच दिवशी मला मोकळे केले गेले. सोबत आधार कार्ड, घरपट्टीची पावती आणि दोन छायाचित्रे नेली होती, त्यामुळे धावपळ झाली नाही. वयाचे आणि गुडघ्यांचे कारण देऊन पुढच्या तारखांना वकिलामार्फत हजर राहू देण्याचा अर्जही दिला. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 228 खाली तो मंजूर झाला, मात्र न्यायालय सांगेल त्या तारखेला स्वतः यावे लागेल, या अटीवर. ज्यांचे गाव न्यायालयापासून लांब आहे, त्यांनी हा अर्ज अवश्य करावा. आरोपी फिर्यादीच्या न्यायालयाच्या हद्दीबाहेर राहत असेल, तर आदेशिका काढण्याआधी दंडाधिकाऱ्यांनी चौकशी करणे कलम 225 खाली आवश्यक आहे आणि ती केली नसेल, तर आदेशाला आव्हान देण्याचे ते एक ठोस कारण ठरते. माझ्या बाबतीत तो प्रश्न नव्हता.

न्यायालयाच्या आवारात एका अनुभवी गृहस्थांनी मला सुचवले की, “बाई, गुन्हा कबूल करा, हजार-दोन हजार दंड भरा आणि मोकळ्या व्हा, कशाला वर्षानुवर्षे चकरा मारता?” हा सल्ला अनेकांना मिळतो, म्हणून स्पष्ट लिहिते. गुन्हा कबूल करणे म्हणजे दोषसिद्धी. ती नोंद कायमची राहते, नोकरीत असलेल्याला ती भोवते आणि फिर्यादी तोच निकाल हातात घेऊन नुकसानभरपाईच्या दिवाणी दाव्याकडे जाऊ शकतो. दंडाची रक्कम लहान म्हणून शिक्षा लहान, असे समजू नये. मला दोषारोप वाचून दाखवल्यावर मी “गुन्हा कबूल नाही” असे उत्तर दिले.

आदेशिकेला आव्हान द्यायचे का, यावर आम्ही दोन बैठका घालवल्या. दंडाधिकारी स्वतः काढलेली आदेशिका मागे घेऊ शकत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये अदालत प्रसाद प्रकरणात ठरवले आहे. म्हणून सत्र न्यायालयात नव्वद दिवसांच्या आत पुनरीक्षण म्हणजे तो आदेश तपासून घेण्याचा अर्ज किंवा उच्च न्यायालयात त्याच संहितेच्या कलम 528 खाली अर्ज, हे दोन मुख्य मार्ग उरतात. वकीलबाईंचे मत असे पडले की आठव्या अपवादाचा मुद्दा आपण आधीच जिंकला आहे, उरलेल्या भागात ‘खाल्ला’ हा शब्द उघड्यावर आहे आणि सद्भावना हा वस्तुस्थितीचा प्रश्न वरची न्यायालये सहसा या टप्प्यावर सोडवत नाहीत. खर्च होईल, वेळ जाईल आणि आदेश विरुद्ध गेला तर त्यातली निरीक्षणे पुढे डोक्यावर बसतील. मला तिचे पटले. ज्याच्या प्रकरणात विधान मुळातच कोणाचे नाव सूचित करत नाही, किंवा तक्रार तीन वर्षांची मुदत उलटून गेल्यावर दाखल झाली आहे, त्याने मात्र आव्हान जरूर द्यावे.

सप्टेंबरात उपनिबंधक कार्यालयाचा तपासणी अहवाल आला. मोजमाप पुस्तक नाही, शेवटचा हप्ता नियमबाह्य दिला गेला आणि समितीने खुलासा करावा, असे त्यात होते. अपहार झाल्याचा निष्कर्ष त्यात नव्हता. वहीतल्या डाव्या-उजव्या स्तंभांनी जे आधीच सांगितले होते, तेच सरकारी शिक्क्यानिशी समोर आले. माझे म्हणणे खरे होते, माझा शब्द खरा नव्हता.

तडजोडीची बोलणी त्यानंतर सुरू झाली आणि पुढाकार आमच्या बाजूने घेतला गेला. अब्रुनुकसानीचा गुन्हा, ज्याची अब्रू गेली असे म्हटले आहे, त्याच्या संमतीने मिटवता येतो आणि अशा वेळी आरोपी निर्दोष सुटल्यासारखाच परिणाम होतो. सचिवांना बिनशर्त माफी हवी होती, त्याशिवाय उपनिबंधकांकडची तक्रार मागे घेणेही हवे होते. दुसरी अट मी एका क्षणात नाकारली, कारण गळक्या घरांचा प्रश्न माझ्या सुटकेच्या बदल्यात देणे मला शक्य नव्हते. पहिल्या अटीवर शब्दाशब्दाने बोलणी झाली. माफीचा मसुदा हा या प्रक्रियेतला सर्वांत नाजूक कागद आहे. ‘माझे सर्व आरोप खोटे होते’ असे वाक्य त्यात गेले असते, तर उपनिबंधकांकडची तक्रारही खोटी होती, असा अर्थ निघाला असता आणि तडजोड फिसकटल्यास तोच कागद माझ्याविरुद्ध कबुली म्हणून वापरला गेला असता. म्हणून मसुद्यावर आधी ‘तडजोडीच्या बोलणीपुरता, हक्कांना बाधा न आणता’ असे लिहिले गेले आणि दोन्ही वकिलांच्या संमतीने शेवटचा मजकूर ठरेपर्यंत कोणीही सही केली नाही.

ठरलेला मजकूर तीन वाक्यांचा होता : “दिनांक 16 ऑगस्ट 2024 रोजी या गटावर मी सचिवांनी दुरुस्ती निधी खाल्ला असे लिहिले होते. तसे म्हणण्याइतका आधार माझ्याकडे नव्हता, म्हणून ते शब्द मी मागे घेते आणि त्यामुळे त्यांना झालेल्या त्रासाबद्दल दिलगिरी व्यक्त करते. जलरोधकाच्या कामाच्या हिशेबाबाबत उपनिबंधकांकडे केलेली माझी तक्रार कायम आहे.” तिसरे वाक्य मिळवायला पाच आठवडे लागले. ज्या गटावर आरोप केला होता, त्याच गटावर दिलगिरी टाकायची, वर्तमानपत्रात नाही, हेही लेखी ठरले. शिवाय याच विधानांवरून सचिव पुढे नुकसानभरपाईचा दिवाणी दावा करणार नाहीत, असे एक कलम तडजोडीत घालून घेतले. असा दावा दाखल करण्याची मुदत विधान प्रसिद्ध झाल्यापासून एक वर्षाची असते आणि ती तोवर उलटूनही गेली होती, तरीही वकीलबाईंनी ते कलम सोडले नाही.

डिसेंबर 2025 मध्ये आम्ही दोघेही न्यायालयात हजर राहिलो. तडजोडीची पुरसिस म्हणजे तसे लेखी निवेदन दाखल झाले, दंडाधिकाऱ्यांनी सचिवांना आणि मला वेगवेगळे विचारले की हे स्वखुशीने आहे ना, आणि रोजनाम्यात नोंद होऊन प्रकरण निकाली निघाले. माझा मुचलका रद्द झाला. त्याच दिवशी मी नक्कल विभागात अर्ज दिला आणि दहा दिवसांनी आदेशाची प्रमाणित प्रत घेऊन आले. वकीलबाईंनी ती प्रत जपून ठेवायला सांगितली आहे, कारण संगणकावर नाव शोधणाऱ्याला जुने प्रकरण दिसेल, तेव्हा ते कसे निकाली निघाले, हे दाखवणारा कागद आपल्याच हाती असावा लागतो. जलरोधकाच्या हिशेबावर समितीने द्यायचा खुलासा अजून उपनिबंधक कार्यालयात पोचलेला नाही, आणि त्याची स्मरणपत्रे मी आता गटावर न लिहिता आवक शिक्का घेऊन देते.